लाल वायर उजवीकडे

“सर, इस्त्रीच्या प्लगची ती जाडी पिन काढून टाकली तरी इस्त्री तापतेच की! मग ती बसवतात कशाला?”

संघमित्रा पगारेने हा प्रश्न विचारला तेव्हा दहावी ‘ब’चा अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. मागच्या बाकावरची चंदा आणि मंगल ओढणीत तोंड खुपसून खुसखुसत होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. नवे सर विजेचा धडा शिकवत असताना उभं राहून हे विचारायचं. विचारलं तर दोघींच्या वाटणीची बोरं तिची. सर चांगले होते. खडू हातात फिरवत थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सुरक्षिततेसाठी.”

“पण सर, सुरक्षित म्हणजे कसं?”

“धड्यात आहे ते वाचा. खाली बस.”

धड्यात होतं ते एवढंच, ‘तिसरी पिन भूसंपर्कासाठी असते’. संघमित्राला, म्हणजे घरच्यांच्या मित्राला, बोरं मिळाली, उत्तर मात्र मिळालं नाही. उत्तर जिथून मिळेल अशी तिला खात्री होती ती जागा समुद्रापलीकडे होती, मस्कतला. तिचे वडील, आबा, म्हणजे सावळीराम पगारे, वायरमन होते. सातपूरचा त्यांचा कारखाना बंद पडल्यावर ते तिकडे गेले, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा मित्रा सहावीत होती आणि आबांच्या खांद्याला लागत नव्हती. आता आईपेक्षा चार बोटं उंच झाली होती, आणि आबांनी ते पाहिलेलं नव्हतं.

तिने आंतरदेशीय नव्हे, चांगलं जाड एअरमेलचं पाकीट आणलं आणि प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठवला. खाली लिहिलं, ‘सरांना सांगता आलं नाही. तुम्ही सांगा. आणि मार्चमध्ये करार संपला की चौदा एप्रिलच्या आधी या. मिरवणुकीत मी लेझीमला पुढे आहे.’

उत्तर पोस्टाने आलंच नाही. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी झुंबरकाका दारात उभे राहिले. झुंबरकाका देवळाली गावचे, आबांच्याच कॅम्पवर गवंडी. रजेवर आले होते आणि येत्या गुरुवारी परत जायचे होते. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली, एक पाकीट काढलं आणि एक सेंटची बाटली.

“जय भीम, वहिनी. सावळ्यानं दिलंय.”

“तब्येत कशी हाय त्यांची?” मित्राच्या आईने, सुलाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं.

“ठीक हाय की.” झुंबरकाकांनी पाणी गटागटा पिऊन टाकलं. “मी निघतो. गुरुवारी दुपारी येतो, उलट कॅसेट भरून ठेवा. त्याला कराराच्या कागदावर सही करायची हाय महिनाअखेर. दोन वर्षं वाढवतोय म्हणत होता.”

“वाढवतोय?” रिकामा तांब्या घ्यायला पुढे केलेला आईचा हात तसाच राहिला.

“कॅसेटमधी सांगितलं असंल त्यानं,” असं म्हणत काका पायऱ्या उतरलेसुद्धा. चहालाही थांबले नाहीत. झुंबरकाका आणि चहाला थांबत नाहीत, हे मित्राला विचित्र वाटलं. पण कॅसेट हातात होती, विचार करायला वेळ कुठला!

टेपरेकॉर्डर आबांनीच दुसऱ्या वर्षी पाठवला होता. आईने तो पुसला, पाटावर ठेवला. पाकिटात एकच फोटो होता, रंगीत. आईने घाईघाईने बघितला, आणि तिचा चेहरा उतरला. फोटोत आबा नव्हतेच. एक प्लग होता. मागचं झाकण काढलेला, काळा, तीन पिनांचा प्लग, आणि तो धरलेले दोन हात. मनगटापर्यंतच.

“मी म्हटलं तोंड बघायला मिळंल,” आई म्हणाली.

मित्राने बटण दाबलं. आधी नुसती खरखर आली, मग कुणीतरी खाकरलं, आणि खोली एकदम भरून गेली.

“जय भीम, सुला. जय भीम, मित्राबाई. तुझा प्रश्न लय आवडला. इथं माझ्या खोलीत आठजण आहेत, सगळ्यांना वाचून दाखवला. म्हटलं, चिठ्ठीत नाही मावणार. फोटो समोर धर. धरलास?”

“धरला,” मित्रा मोठ्याने म्हणाली. आई हसली नाही.

“हा आपला इंडियाचा प्लग आहे, पेटीत आणलेला. झाकण काढलंय. पिना पलीकडं तोंड करून आहेत, जाडी पिन वर. आता पेचकस ज्या वायरीवर टेकवलाय ती बघ. लाल. ही फेज, पुस्तकात लाइव्ह म्हणतात ती. करंट हिच्यातून येतो, हिला हात लागला तर सोडत नाही. असा प्लग धरलास तर लाल कायम उजवीकडं. काळी डावीकडं, ती न्यूट्रल. करंट इस्त्रीत काम करतो आणि काळीतून परत जातो. आणि वर जाड पिनेला हिरवी. ती अर्थ. लक्षात ठेव, प्लग फिरवून पिना आपल्याकडं केल्या की लाल डावीकडं दिसते. हितंच लोक फसतात. पिनांकडून बघतात आणि झाकणाकडून जोडतात.”

मित्राने भराभर वहीत उतरवून घेतलं.

“लाल-काळी अदलाबदल झाली तर इस्त्री तापणार नाही का? तापेल. म्हणून तर कुणाला कळत नाही. पण मग वस्तूचं स्वतःचं बटण परतीच्या वाटेवर येतं. बटण बंद, आणि करंट आत तसाच उभा. टेबललॅम्पचं बटण बंद करून कुणी बल्ब बदलायला गेला, की बसला झटका. बटण आणि फ्यूज नेहमी लालवर पाहिजे. आता तुझी जाडी पिन. हिरवी वायर इस्त्रीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. रोजच्याला तिला काही काम नसतं. एक थेंब करंट तिच्यातून जात नाही. म्हणून लोकांना वाटतं, फुकटची आहे, काढून टाका. पण आत कुठं लाल वायर सोलली आणि अंगाला टेकली, की सगळं अंग करंटचं होतं. हिरवी असली तर करंट तिच्यातून धावत जमिनीत जातो, इतका जोरात, की फ्यूजची तार वितळते आणि वीज बंद. हिरवी नसली तर तो वाट बघत बसतो. हात लावणाऱ्याची. आणि जाड का, तर दुसऱ्या भोकात जाऊ नये म्हणून. लांब का, तर प्लग लावताना सगळ्यात आधी ती लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.”

इतकं सोपं! हे सरांना का सांगता आलं नाही?

“इथं एकाचं असंच झालं,” आबांचा आवाज जरा खाली आला. “काँक्रीट कालवायच्या मशीनचा प्लग कुणीतरी जोडला. हिरवी लालच्या जागी, लाल हिरवीच्या जागी. मशीनच्या अंगालाच फेज. एका माणसानं दांडा धरला. वाचला बिचारा. आता बरा आहे, स्टोअरमध्ये बसून सामान देतो. तर सांगायचं काय, जोडणी नीट पाहिजे. बरं, सुला, दोन वर्षं आणखी थांबावं म्हणतो. इथं ठीक आहे. तिकडं येऊन तरी मला काय काम मिळणार. मित्राला मास्तरीण कर. आणि उन्हाळा लागंल आता, त्या खड्ड्यात पाणी टाकत जा.”

पुढे नुसती खरखर. मित्राने कॅसेट पूर्ण संपेपर्यंत बंद केली नाही. कधीकधी शेवटी काहीतरी असतं, गेल्या वेळी खोकल्याचा आवाज होता.

“येत नाहीत ते,” आई म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

खड्डा म्हणजे त्यांच्या पाच खोल्यांच्या रांगेच्या कोपऱ्यातली हातभर उघडी जागा. तिथे काहीच उगवत नव्हतं. आई रोज सकाळी भांडी घासून झाली की एक हंडा पाणी तिथे ओतायची. चार वर्षं, एक दिवस न चुकता. मैत्रिणी विचारायच्या, “तुझ्या आईनं तिथं काय लावलंय गं?” आणि मित्राला लाज वाटायची. आज पहिल्यांदा ती आईच्या मागोमाग गेली.

“आई, इथं खाली काय आहे?”

“पाइप हाय, लोखंडाचा. तुझ्या बापानं पुरलाय. भोवती कोळसा अन् मीठ भरलंय. पाची घरांची हिरवी वायर हितं येती.” आईने हंडा उलटा केला. माती काळीशार झाली. “जाताना म्हणले, सुला, ही जागा सुकू देऊ नको, माती ओली असली तरच करंटला वाट मिळती. मी म्हटलं, तुम्ही येईस्तवर टाकते.”

मित्राने आईच्या हातातून हंडा घेतला आणि नळावरून आणखी एक भरून आणला.

सोमवारी शाळेतून आल्यावर तिने शेजारच्या यशोदाबाईंकडे बघितलं, आणि तिचे डोळे चमकले. यशोदाबाई नवऱ्याचा युनिफॉर्म इस्त्री करत होत्या, आणि नेहमीप्रमाणे लाकडी पाटावर उभ्या होत्या. रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, यशोदाबाईंची इस्त्री पाटावरूनच करायची. पाटावरून पाय खाली आला की झटका.

“काकू, तुमचा प्लग मला उघडू द्या.”

“अगं जा! शिकलेली पोर तू, हे काय मिस्त्रीचं काम?”

“मिस्त्रीनंच बिघडवलंय. पैज लावते.”

मित्राने आधी बोर्डाचं बटण बंद केलं, मग प्लग ओढून बाहेर काढला, मग पेचकस लावला. आबांची घरी राहिलेली हत्यारांची पेटी चार वर्षांनी उघडली होती. पेचकसाच्या पिवळ्या मुठीवर आबांच्या अंगठ्याने झिजून पडलेला खोलगट भाग होता, तिचा अंगठा त्यात नेमका बसला. झाकण निघालं. लाल उजवीकडे, काळी डावीकडे. आणि हिरवी? हिरवी मागे दुमडून टेप गुंडाळून ठेवलेली.

“काकू, हे कुणी केलं?”

“लहानू मिस्त्रीनं. मागं सारखा फ्यूज उडायचा बघ. त्यानं काय केलं कुणाला ठाऊक, तवापासून उडत नाही. तेवढा पाट घ्यावा लागतो पायाखाली.”

मित्राने टेप सोडवली, वायरीचं टोक साफ केलं, जाड्या पिनेत घालून स्क्रू आवळला, झाकण लावलं. लताबाई, दोन-तीन पोरं, सगळी रांग दारात जमली होती. तिने प्लग बोर्डात लावला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि बटण दाबलं.

फट्! बोर्डावरच्या फ्यूजमधून ठिणगी उडाली आणि यशोदाबाईंच्या घरातली वीज गेली.

“मेले! इस्त्री जाळली पोरीनं!” यशोदाबाई ओरडल्या. “सुलाबाई, या बघा तुमची इंजिनेर!”

पोरं टाळ्या पिटायला लागली. लताबाई म्हणाल्या, “बाप दुबईत, पोर मस्तीत.”

“मस्कतला,” मित्रा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. “काकू, इस्त्री जळली नाही. फ्यूजनं त्याचं काम केलं. आत कुठंतरी लाल वायर इस्त्रीच्या अंगाला टेकलीय. तेव्हाही तेच होत होतं, म्हणून फ्यूज उडायचा. मिस्त्रीनं टेकलेली वायर शोधली नाही, हिरवी तोडली. इतके दिवस तुम्ही पाटावर उभ्या होतात म्हणून वाचलात.”

तिने प्लग बाहेर काढला, इस्त्री उलटी करून मुठीजवळची पट्टी खोलली. लाल वायरीचं आवरण तापून करपलं होतं, उघडी तांब्याची तार लोखंडावर सरळ बसली होती. तिने बोट न लावता पेचकसाच्या टोकाने ती यशोदाबाईंना दाखवली. यशोदाबाईंनी एकदा तारेकडे बघितलं, एकदा पाटाकडे, आणि मटकन पाटावरच बसल्या.

“माझी नात त्या दिवशी हात लावणार होती गं,” त्या म्हणाल्या.

मित्राने करपलेला तुकडा कापून वायर नव्याने जोडली, आणि फ्यूजची तार आईने बदलली. तीही आबांनीच शिकवलेली. एकच बारीक तार, दोन नाही, जाड तर मुळीच नाही. तार आवळताना आई मित्राच्या कानाशी हळूच म्हणाली, “म्हंजी पाणी पोचतंय खाली.” त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसला.

बुधवारी संध्याकाळी मित्रा कॅसेटवर काय बोलायचं त्याची यादी करत होती. यशोदाबाईंची इस्त्री एक नंबरला होती. आई चुलीपुढे बसली होती, भाकरी तव्यावर, आणि फोटो तिच्या मांडीवर. रविवारपासून फोटो आईकडेच होता. मित्राला त्यातल्या तीनही वायरी पाठ झाल्या होत्या, आई मात्र काहीतरी वेगळंच वाचत होती.

“मित्रे, हिकडं ये. माझ्या हातात उलथणं हाय ना? आता फोटोतल्यावानी धरून दाखव मला.”

“कशाला?”

“धर तर.”

मित्राने उलथणं पेचकसासारखं उजव्या हातात धरलं आणि फोटोशेजारी हात नेला. जुळेना. फोटोत अंगठा एका बाजूला येत होता, तिचा दुसऱ्या. तिने हात वळवून पाहिला, वाकवून पाहिला. मग उलथणं डाव्या हातात घेतलं. लगेच जुळलं.

“तुझा बाप डावखुरा हाय का?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग डाव्या हातात पेचकस कशाला धरंल? अन् ह्यो प्लगखालचा हात बघ. उजवा. ही दोन बोटं बघ, करंगळी अन् शेजारची. सरळ राह्यलीत. प्लग धरताना कुणी बोटं अशी ताठ ठेवतं व्हय?”

भाकरी करपायला लागली होती. मित्राने ती उलटली आणि एका श्वासात म्हणाली, “आई, फोटो उलटा छापलाय! होतं असं. आमच्या पांडवलेण्यांच्या सहलीचा फोटो नाही का, सगळ्या पोरींचे बिल्ले उजव्या बाजूला आले होते! फोटोवाल्यानं निगेटिव्ह पालथी ठेवली होती. तसंच झालंय. डावं दिसतंय ते उजवं आहे.”

“असं होतं?”

“होतं! थांब, दाखवते.”

भिंतीवरच्या आरशापुढे तिने फोटो धरला. आरशात सगळं उलटं झालं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. आरशात पेचकस उजव्या हातात होता. अगदी आबा धरायचे तसाच. आई मागे येऊन उभी राहिली. दोघी आरशातल्या त्या हातांकडे बघत राहिल्या.

“हेच खरं हात,” आई म्हणाली. “हेच.”

मित्रा ‘हो’ म्हणणारच होती. तेवढ्यात तिचं लक्ष पेचकसाच्या टोकाकडे गेलं. जाडी पिन वर होती, झाकण उघडं होतं, पिना पलीकडे होत्या. आणि लाल वायर डावीकडे होती.

ती आरशापुढून बाजूला झाली. फोटो सरळ धरला. लाल उजवीकडे. पुन्हा आरशात. लाल डावीकडे. ती धावत जाऊन घरातल्या इस्त्रीचा प्लग घेऊन आली, आबांनी जोडलेला, आणि झाकण काढून तो फोटोला लावून पाहिला. हिरवी वर, काळी डावीकडे, लाल उजवीकडे. फोटोसारखाच. आरशातल्यासारखा नाही. मनातल्या मनात ती म्हणत होती, एकदाच. आबा, फक्त एकदाच तुम्ही चुकीचा जोडला असेल असं होऊ द्या.

“आई,” तिने विचारलं, “आबा घाईत लाल डावीकडे जोडतील?”

“तुझा बाप? झोपंत जोडला तरी चुकणार नाय.”

आणि बोलल्याबरोबर आईलाही कळलं. तिने मित्राच्या हातातला उघडा प्लग बघितला, मग आरसा बघितला. आरशात आबांचे हात बरोबर होते, पण प्लग चुकला होता. फोटोत प्लग बरोबर होता; म्हणजे फोटो उलटा नव्हता.

आई खाली बसली. मग मित्राने टेपरेकॉर्डर ओढून घेतला आणि कॅसेट मागे फिरवली. ‘एका माणसानं दांडा धरला. वाचला बिचारा. आता बरा आहे, स्टोअरमध्ये बसून सामान देतो.’ तिने पुन्हा फिरवली. ‘तिकडं येऊन तरी मला काय काम मिळणार.’

“बंद कर,” आई म्हणाली.

गुरुवारी दुपारी झुंबरकाका आले. या वेळी आईने त्यांना पाणी दिलं नाही. दारातच फोटो पुढे धरला.

“भावजी, उजव्या हाताची किती बोटं वाकत न्हाईत?”

झुंबरकाकांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. “मला बोलू नको म्हणला होता, वहिनी. शपथ घातली. दोन. दोन बोटं वाकत न्हाईत, बाकीचा पंजा हलतो. दिवाळीच्या आधीचं हाय. डाव्या हातानं जेवतो आता.” त्यांनी नाक ओढलं. “फोटो मीच काढला. म्हणला, तोंडाचा काढू नको, सुला तोंडावरून ओळखंल.”

“हातावरून न्हाई ओळखणार व्हय मी?” आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

काका ओट्यावर बसून राहिले. मित्राने नवी कॅसेट घातली, लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं. रात्री तिने यादी फाडून टाकली होती. आई येऊन तिच्याजवळ बसली, डोळे सुजलेले.

“जय भीम, आबा. मी मित्रा. यशोदाकाकूंची इस्त्री मी दुरुस्त केली. फ्यूज उडाला, म्हणजे आईचं पाणी खाली पोचतंय. तुमचा फोटो आम्ही दोघींनी बघितला. नीट बघितला. लाल उजवीकडेच आहे, आबा, म्हणून आम्हाला कळलं.” टेप फिरत राहिली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. “मला तुमचा आवाज आला की वाटतं, तुम्ही भिंतीच्या पलीकडेच आहात. मग कॅसेट संपते. आबा, चार वर्षं मी कॅसेट संपल्यावरची खरखर ऐकतेय. आणखी दोन वर्षं नाही ऐकणार.”

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मित्राने हाताने थांबवलं.

“आता मी सांगते ते तुम्ही ऐका, आई पण ऐक, तुला पण आत्ताच सांगतेय. मी मास्तरीण होणार नाही. डी.एड.चा फॉर्म मी भरणार नाही. निकाल लागला की त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला नाव घालणार. मुली नसतात तिथं, ठाऊक आहे मला. एक असेल. तुम्ही त्या कागदावर सही करू नका, आबा. मार्चमध्ये घरी या. वायर कशी ओढायची, कुठली कुठं लावायची, ते तुम्ही शेजारी बसून सांगायचं. पेचकस मी धरणार.”